एक की दीड

प्रतिभा कोळेकर चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट बारीक होत जाई. शिरूरच्या क्लासमधल्या पोरांना हे ठाऊक झालं होतं. त्या सोमवारी दुपारी तिचा आवाज इतका बारीक झाला की दुसऱ्या बाकापलीकडं काही ऐकू जाईना.

"प्रश्न सत्तावीस. आन्सर-कीमध्ये उत्तर काय दिलंय?"

"दीड, मॅडम," पुढच्या बाकावरची तेजश्री दरेकर म्हणाली.

"आणि तू काय लिहिलंस?"

"एक."

"मग एकच बरोबर आहे," प्रतिभा म्हणाली आणि खडू फळीवर ठेवून दिला. तास संपायला अजून वीस मिनिटं होती, पण तिला पुढं शिकवणं सुचेना.

प्रतिभा न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर वाढलेली. तिचे वडील गेणबा तरुणपणी मेंढरं घेऊन दर वर्षी घाट उतरायचे. पुढं कळप मोडला, दोन एकर घेतली आणि घर एका जागी टेकलं. वस्तीवरची पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी हीच. पण एम.एस्सी. होऊन चौदा वर्षं झाली तरी कायम नोकरी काही लागली नाही. सकाळी शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात तासाच्या बोलीवर शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात सुदर्शन सरांच्या क्लासमध्ये. क्लासच्या शाखा दोन. मुख्य शाखा दौंडला, छोटी शिरूरला. मंगळवारी आणि शुक्रवारी ती एसटीनं न्हावरा, चौफुला, वरवंड करत दौंडला जायची, दोन तास घ्यायची आणि तशीच परत यायची. नवरा विक्रम रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये होता. तो म्हणायचा, "तुझं आयुष्य वर्गापेक्षा एसटीत जास्त गेलं."

शिकवण्याबाबत तिचा एक हट्ट होता. ती ट्रिक शिकवत नसे. ती स्वतः अकरावीत असताना तिच्या सरांनी सांगितलं होतं, "हलती पुली दिसली की दुप्पट नाहीतर निम्मं. पाठ करा, विचार करत बसू नका." तिनं पाठ केलं, आणि परीक्षेत आकृती थोडी वेगळी आली तेव्हा सपशेल आपटली. त्यानंतर एम.एस्सी.ला एका बाईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं होतं, "दोरी ताणत नाही. तिची लांबी लिही, बाकी सगळं ती लांबी सांगते." प्रतिभाला तेव्हा आनंदापेक्षा रागच जास्त आला होता. एवढी सोपी गोष्ट आपल्याला आधी कुणी का सांगितली नाही?

प्रश्न सत्तावीस तसाच होता. छताला दोन पुल्या पक्क्या बसवलेल्या. तिसरी पुली 'ए' नावाच्या ठोकळ्याच्या डोक्यावर, ठोकळ्याबरोबर वरखाली होणारी. दोरी एकच. तिचं एक टोक ए लाच बांधलेलं. तिथून ती वर जाते, पहिल्या पक्क्या पुलीवरून खाली येते, ए वरच्या पुलीला खालून वळसा घालते, परत वर दुसऱ्या पक्क्या पुलीवरून जाते आणि पलीकडं लोंबते. त्या लोंबत्या टोकाला 'बी' ठोकळा. बी खाली जातोय, तीनच्या त्वरणानं. तर ए किती त्वरणानं वर जाईल?

ए च्या वर दोरीचे उभे भाग तीन. ए बोटभर वर सरकला तर तिन्ही भाग बोटबोटभर आखूड होणार. म्हणजे तीन बोटं दोरी मोकळी झाली. दोरीची एकूण लांबी तर बदलत नाही, मग ती तीन बोटं जाणार कुठं? बी च्या बाजूला. बी तीन बोटं उतरणार. प्रत्येक क्षणाला हेच, त्यामुळं वेगाचंही तेच आणि त्वरणाचंही तेच. बी चं त्वरण ए च्या तिप्पट. बी चं तीन, तर ए चं एक. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

पण आन्सर-की दौंडहून यायची. आणि दौंडला रोहन सर होते.

रोहन सर सव्वीस वर्षांचे, गोड बोलणारे. त्यांचे ट्रिकचे व्हिडिओ पोरं चहाच्या टपरीवरसुद्धा बघायची. 'हलती पुली, निम्मं त्वरण, पाच सेकंदात उत्तर' हा व्हिडिओ त्यांचाच. आणि ती परीक्षा साधी नव्हती. तिच्या मार्कांवर दोन्ही शाखांमधून वीस मुलं निवडायची होती. त्या विसांना दौंडच्या होस्टेलवर राहायला जागा, वेगळी अभ्यासिका आणि वेगळे तास. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा.

शिरूरच्या चौतीस मुलांपैकी अकरांनीच 'एक' लिहिलं होतं. उरलेल्या तेवीस जणांनी रोहन सरांचा व्हिडिओ बघून 'दीड' लिहिलं होतं आणि चार मार्क घेतले होते. तीन महिने आपण पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, असं प्रतिभाला वाटलं. पण त्या अकरांचं काय? त्यातल्या तेजश्रीची तर ती जागा अगदी हातातोंडाशी आली होती. विसाव्या मुलापेक्षा तिला सात मार्क कमी होते.

तेजश्रीला ती जागा हवी होती ती होस्टेलसाठी. तिचं घर शिक्रापूरला, हायवेला लागून. वडील संपत दरेकर यांनी घरामागं बारा खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. कुणाची रात्रपाळी, कुणाची दिवसपाळी. कुणाचा मोबाईल वाजतोय, कुणाचा कुकर शिट्ट्या देतोय, आणि समोर ट्रकचे हॉर्न. "मॅडम, आमच्याकडं शांत जागा म्हंजी संडास," असं ती एकदा हसत म्हणाली होती. प्रतिभाला तेव्हा हसू आलं नव्हतं.

मंगळवारी प्रतिभा दौंडला गेली आणि तास घ्यायच्या आधी थेट सुदर्शन सरांच्या केबिनमध्ये शिरली. सुदर्शन सर मूळचे केमिस्ट्रीचे. माणूस वाईट नव्हता, पण भांडण म्हटलं की अंग काढून घ्यायचा.

"सर, सत्तावीसचं उत्तर चुकलंय."

"बसा मॅडम, आधी पाणी घ्या." त्यांनी रोहन सरांना बोलावून घेतलं.

रोहन सरांनी पेपर बघितला आणि खांदे उडवले. "हलती पुली आहे, मॅडम. निम्मं. तीनचं दीड. यात काय चुकलं?"

"तो नियम दोरीचं दुसरं टोक छताला बांधलेलं असतं तेव्हाचा. इथं ते टोक ए ला बांधलंय."

"टोक कुठंही बांधा. पुलीला धरून दोरीचे भाग दोनच."

"आणि तिसरा? जो ए ला बांधलाय?"

"तो पुलीवर नाही ना."

"पण ए वर आहे!" प्रतिभानं कागद ओढून घेतला आणि आकृती काढली. "ए वर चढला तर हा तिसरा भागही तेवढाच आखूड झाला पाहिजे. तुमच्या हिशोबानं तो आखूड होतच नाही. मग तो ढिला पडून लोंबत राहणार का? दोरी तर ताठ आहे."

रोहन सर आकृतीकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, असं प्रतिभाला वाटलं. पण तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, थिअरीत तुम्ही कुठल्याही गोष्टीचं काहीही करून दाखवाल. मी हजार मुलांना हे शिकवलंय. एकानं तरी तक्रार केली का?"

"म्हणजे हजार मुलं चुकीचं शिकली."

सुदर्शन सरांनी दोन्ही हात वर केले. "अहो, अहो. असं करू. मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवता का? शुक्रवारी या. डोळ्यांनी दिसलं की वादच मिटला."

प्रतिभाला वाटलं, झालं, सुटले. दोरी खोटं थोडीच बोलणार?

गुरुवारी तिनं शिरूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कपडे वाळत घालायच्या दांडीच्या तीन लहान पुल्या आणल्या. सुतळी घेतली. हातभर लाकडी फळी घेतली, तिच्या एका टोकाला पुली ठोकली आणि दुसऱ्या टोकाला दोरी बांधायला हूक. हा झाला ए. बी म्हणून एक जुनं लोखंडी वजन. घरी जोडून बघायला वेळ मिळाला नाही. कॉलेजचे पेपर तपासायचे राहिले होते आणि सासूबाई तुळजाबाई यांना दवाखान्यात न्यायचं होतं. तपासून काय बघायचं, असंही तिला वाटलं होतं. गणित तर बरोबरच होतं.

शुक्रवारी दौंडच्या केबिनमध्ये खिडकीच्या गजाला दोन पुल्या बांधल्या. सुदर्शन सर खुर्ची ओढून बसले. रोहन सरांच्या हातात पट्टी होती. दारात दोन-तीन शिक्षक गोळा झाले.

"बी मी तीस सेंटिमीटर खाली सोडते," प्रतिभा म्हणाली. "ए दहा सेंटिमीटर वर जाईल. तुमचं बरोबर असेल तर पंधरा जाईल."

तिनं फळी हातानं सपाट धरली, मग सोडली, आणि वजन हळूहळू खाली जाऊ दिलं. पुल्या कुरकुरल्या. फळी वर निघाली आणि निघता निघता कलली. पुलीची बाजू वर, हुकाची बाजू खाली.

रोहन सरांनी पुलीच्या बाजूला पट्टी लावली. "बारा."

कुणीतरी खुसूखुसू हसलं.

"दहा नाही, पंधरा नाही, बारा," सुदर्शन सर म्हणाले. ते चिडवत नव्हते. उलट त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. "म्हणजे मॅडम, दोघंही थोडे थोडे बरोबर."

"फळी कलली म्हणून झालं," प्रतिभा म्हणाली. आवाज बारीक होऊन गेला होता. "पुन्हा करू या."

"माझा तास आहे, मॅडम," रोहन सर म्हणाले आणि पट्टी टेबलावर ठेवून गेले. दारातली माणसंही पांगली. प्रतिभानं एकटीनं गजावरच्या गाठी सोडल्या. सुतळीची गाठ इतकी आवळली होती की तिनं शेवटी ती दातांनी सोडवली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली होती. डोक्यात एकच आकडा घोळत होता. बारा. बारा का यावे? सुतळी ताणली असेल का? पण ताणून एवढा फरक कसा पडेल? वरवंडच्या थांब्यावर गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि तिला एकदम लख्ख दिसलं. फळी कलली होती, म्हणजे दोन्ही टोकं सारखी वर गेलीच नव्हती. पुलीचं टोक बारा वर गेलं. त्या टोकावर दोरीचे भाग दोन, म्हणजे दोन्ही मिळून चोवीस सेंटिमीटर दोरी मोकळी झाली. बी तर तीस उतरला होता. उरलेले सहा हुकाच्या बाजूच्या एका भागातून आले असणार. दोन वेळा बारा अधिक सहा, तीस! म्हणजे हुकाचं टोक सहाच वर गेलं असणार. रोहन सरांनी फक्त एकाच टोकाला पट्टी लावली होती. दुसऱ्या टोकाला लावली असती तर तिथंच सगळं कळलं असतं.

आणि फळी कलली का, तेही तिला कळलं. पुलीच्या टोकाला दोन दोऱ्यांची ओढ, हुकाच्या टोकाला एकीची. फळी सपाट राहीलच कशी? पुली आणि दोरीचं टोक, दोन्ही एकाच हुकात, मधोमध बांधायला हवं होतं. हे एवढं साधं काल घरी एकदा जोडून बघितलं असतं तर समजलं असतं.

दोरीनं तिची बाजू सोडलीच नव्हती. खोलीतल्या कुणाला ते दिसलं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही नाही. तिनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय इसरलं का बाई?"

"व्हय," ती म्हणाली. "इसरलंच."

घरी आल्या आल्या तिनं विक्रमला कामाला लावलं. तो नुकताच सकाळपाळी करून आला होता.

"अहो, जरा ही सुतळी धरा."

"अगं, चहा तरी घेऊ दे."

"नंतर."

आधी तिनं फळी जशी होती तशीच टांगली आणि दोन्ही टोकं मोजली. पुलीचं बारा, हुकाचं सहा. मग पुली काढून फळीच्या मधोमध बसवली, दोरीचं टोकही त्याच हुकात बांधलं, आणि विक्रमला वजन धरायला सांगून मोबाईल रोखला. बी तीस खाली, ए दहा वर. फळी सपाट. तीनदा केलं, तीनदा दहा.

"आलं का तुझं?" विक्रमनं विचारलं.

"आलं."

"मग तोंड असं का?"

"काल यायला हवं होतं."

तिनं दोन्ही व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. खाली सविस्तर लिहिलं: कललेल्या फळीचं बारा आणि सहा, दोन बारा आणि एक सहा मिळून तीस कसे, आणि सपाट फळीचं तीन दाहे तीस कसे. निळ्या खुणा आल्या. रिसेप्शनवरच्या सुषमाताईंनी अंगठा पाठवला. बाकी कुणी काही लिहिलं नाही.

सोमवारी सुदर्शन सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचा व्हिडिओ पाहिला. वाद नको म्हणून आम्ही निर्णय घेतलाय. सत्तावीसला सगळ्यांना बोनस. चार मार्क."

"सगळ्यांना?"

"हो, सगळ्यांना. कुणाचंच नुकसान नाही."

"सर, नुकसान आहे! ज्यानं बरोबर लिहिलं त्याला चार आणि ज्यानं चुकीचं लिहिलं त्यालाही चारच."

"मॅडम, दीड लिहिणारे दोनशे दहा आहेत. त्यांचे पाच-पाच मार्क काढून घेतले तर दोनशे दहा आईबाप माझ्या दारात उभे राहतील. एक लिहिणारे किती? तीस-पस्तीस."

"मग उत्तर मतांवर ठरतं का?"

"तसं नाही म्हणत मी." सुदर्शन सर थकल्यासारखे बोलले. "तुम्ही समजूतदार आहात. सांभाळून घ्या."

प्रतिभानं वही काढली. तेजश्रीला आधी वजा एक होता, बोनस धरून चार झाले. म्हणजे पाच वाढले. विसाव्या जागेवरच्या दौंडच्या मुलाला आधीच चार होते, त्याचे चारच राहिले. सात मार्कांचं अंतर दोनवर आलं. उत्तर नीट सुधारलं असतं तर त्याचे पाच गेले असते, आणि तेजश्री तीननं पुढं असती. बोनसनं ती दोन मार्कांनी बाहेर राहिली.

बुधवारी यादी लागली. संध्याकाळी संपत दरेकरांचा फोन आला. मागं ट्रकचा हॉर्न वाजत होता, त्यामुळं ते ओरडून बोलत होते.

"मॅडम, एकच सांगा. पोरीनं बरोबर लिव्हलं का चूक?"

"बरोबर लिहिलं, दादा."

"तुमची खात्री हाय?"

"शंभर टक्के."

"मग तिचं नाव यादीत का न्हाई?"

प्रतिभानं बोनसचं समजावून सांगायला सुरुवात केली. संपतदादांनी मधेच थांबवलं. "म्हंजी बरोबर लिहून बी तेवढंच आन् चूक लिहून बी तेवढंच? मग शिकायचं कशाला ओ मॅडम?"

ती नुसती म्हणाली, "मी भांडले, दादा." ते म्हणाले, "व्हय, पोरगी म्हणत व्हती." आणि फोन ठेवला.

तेजश्री त्यानंतर सहा दिवस क्लासला आलीच नाही. सातव्या दिवशी आली ती तास संपल्यावर, वह्या न्यायला. वर्गात दोघीच होत्या.

"बस," प्रतिभा म्हणाली.

"न्हाई मॅडम, गाडी हाय." पण ती गेली नाही. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? माझं आधी दीडच आलं होतं. रफ पानावर. रोहन सरांचा व्हिडिओ मी पण बघितला होता. मग तुमचं आठवलं. लांबी लिहिली, एक आलं. म्हणून उत्तरपत्रिकेत एकचा गोळा काळा केला."

प्रतिभा फळा पुसता पुसता थांबली.

"दीडच ठेवलं असतं तर त्या वेळात शेवटचा राहिलेला प्रश्न सुटला असता आणि आज दौंडला असते मी."

"तेजश्री, पुढं खऱ्या परीक्षेत..."

"खरी परीक्षा दोन वर्षांनी हाय, मॅडम. अभ्यास आज कुठं करू? तुम्ही सगळ्यांना ट्रिकच शिकवली असती ना, तर बरं झालं असतं." मग ती वह्या घेऊन जिना उतरून गेली.

त्या दिवशी प्रतिभा बराच वेळ रिकाम्या वर्गात बसून राहिली. तिला पोरीचा राग आला नाही. राग आला तो तिचं म्हणणं खोडून काढायला आपल्याकडं एक शब्दही नाही याचा.

नंतर तेजश्री परत यायला लागली. पण पहिल्या बाकावर बसेना. तिसऱ्या बाकावर भिंतीकडं बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही.

महिनाभरानं एका रविवारी दुपारी रोहन सरांचा फोन आला. प्रतिभा कणीक मळत होती. तिनं कोपरानं फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, एका मुलानं आज मला डाऊट विचारला. तसलीच आकृती, फक्त पुल्या चार. माझ्या ट्रिकनं येणारं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळेना. मग मी तुमच्यासारखी लांबी लिहिली. आलं. त्या दिवशीचंही तिप्पटच होतं, मॅडम. मी टोक छताला बांधलंय असंच धरून चाललो होतो. चुकलं माझं."

प्रतिभाला वाटलं होतं की हे कधी ऐकायला मिळालं तर आपल्याला किती बरं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही.

"मग हे सुदर्शन सरांना सांगा."

"आता? यादी लागून महिना झाला. मुलं होस्टेलवर राहायला गेली."

"निदान लिहून द्या."

"लिहून देतो," रोहन सर म्हणाले. आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. स्वतःच्या अक्षरात, एक पान. आकृती, दोरीची लांबी, ए च्या वर तीन भाग, म्हणून बी चं त्वरण ए च्या तिप्पट, उत्तर एक. खाली सही. तो व्हिडिओही त्यांनी काढून टाकला. पण त्याची कॉपी पोरांच्या मोबाईलमध्ये फिरत होती ती फिरतच राहिली. नंतरच्या परीक्षेत शिरूरच्या सोळा मुलांनी तसल्याच आकृतीला परत 'निम्मं' लिहिलं.

प्रतिभानं ते पान तेजश्रीला दाखवलं. तेजश्रीनं ते उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं.

"रोहन सरांनी लिव्हलंय?"

"हो."

"ह्यानं आता माझं नाव लागंल का?"

"नाही."

तेजश्रीनं पान परत केलं. मग म्हणाली, "मॅडम, झेरॉक्स काढून द्या एक. आमच्या वडलांना दाखवते. तुम्ही सांगून बी ते अजून म्हणत्यात मीच काहीतरी चुकले असंन."

प्रतिभा खाली झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथं गर्दी होती, मशीनचा कागद अडकला होता, आणि दुकानदार झाकण उघडून आत हात घालून बसला होता. ती पान हातात धरून रांगेत उभी राहिली. वर वर्गात पुढच्या तासाची मुलं येऊन बसली होती, त्यांचा गलका खालपर्यंत ऐकू येत होता. पण ती रांग सोडून गेली नाही.